एक गोळी, दोन लेख

समजा, तुमच्या भाचीने दोन लेखांच्या फाइली तुम्हाला पाठवल्या आणि खाली एवढंच लिहिलं, ‘मामा, यातला बरोबर कोणता?’ पहिल्या लेखाचं शीर्षक आहे ‘रोज एक ॲस्पिरिन, हार्ट ॲटॅक लांब’. दुसऱ्याचं आहे ‘साठीनंतर ॲस्पिरिन बंद करा’. दोन्ही डॉक्टरांनी लिहिलेत आणि दोन्हींत मोठमोठ्या चाचण्यांचे दाखले आहेत. पहिला सांगतो की ॲस्पिरिनने हार्ट ॲटॅक ४४ टक्क्यांनी कमी होतात. दुसरा सांगतो की ॲस्पिरिनने गंभीर रक्तस्राव ३८ टक्क्यांनी वाढतात. हे दोन लेख मी नमुन्यादाखल जुळवले आहेत, पण अशा मजकुराचे लेख दोन्ही बाजूंनी भरपूर फिरत असतात. ज्या चाचण्यांचे आकडे पुढे येतील, त्या चाचण्या मात्र खऱ्या आहेत.

भाचीला उत्तर हवं आहे. ‘दोन्ही आपापल्या जागी बरोबर’ असं म्हणून मोकळं होता येतं, पण त्यावरून गोळी घ्यायची की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही. दुसरा सोपा मार्ग म्हणजे तारीख बघायची आणि नवा लेख बरोबर धरायचा. इथे तोही फसतो. पहिला लेख २०२४ सालचा आहे आणि दुसरा २०२२ सालचा, पण पहिल्यातला सगळ्यात मोठा आकडा १९८९ सालच्या चाचणीतून आलेला आहे. लेखावरची तारीख लेखकाने लेख कधी लिहिला ते सांगते. त्यातला पुरावा किती जुना आहे ते मजकुरात शिरूनच शोधावं लागतं.

म्हणून आधी शीर्षकं बाजूला ठेवा आणि प्रत्येक लेख नेमकं काय म्हणतो ते एका कागदावर उतरवून काढा. प्रत्येक विधानापुढे चार गोष्टी लिहायच्या: ही गोष्ट कोणत्या माणसांबद्दल आहे, त्यांनी किती गोळी किती काळ घेतली, तुलना कशाशी केली, आणि शेवटी मोजलं काय. हे करायला अर्धा तास लागतो. पण तेवढ्यानेच बहुतेक वेळा लक्षात येतं की दोन लेखांचं भांडण वाटतं त्यापेक्षा पुष्कळ लहान आहे.

पहिल्या लेखाची सुरुवात एका गाजलेल्या चाचणीने होते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आयसिस-२ या चाचणीत हार्ट ॲटॅक आल्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते. ज्यांना महिनाभर रोज सुमारे १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, त्यांच्यापैकी ९.४ टक्के पाच आठवड्यांत हृदय वा रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. ज्यांना औषध नसलेली डमी गोळी दिली, त्यांच्यात हे प्रमाण ११.८ टक्के होतं. हजार रुग्णांमागे सुमारे चोवीस जीव वाचले, तेही इतक्या स्वस्त गोळीने. यावर आज कोणी भांडत नाही. दुसरा लेखही भांडत नाही. तो या रुग्णांबद्दल बोलतच नाही. आता कागदावरचा पहिला रकाना बघा. ही माणसं आधीच हार्ट ॲटॅकमध्ये सापडलेली होती. निरोगी माणसाने उद्याच्या भीतीने रोज गोळी घ्यावी का, या प्रश्नाशी या चाचणीचा संबंध नाही. पहिला लेख मात्र हा दाखला देऊन पुढच्याच परिच्छेदात ‘म्हणून चाळिशीनंतर प्रत्येकाने’ असं लिहितो. त्या ‘म्हणून’ला इथे काही आधार नाही.

डॉक्टर मंडळी या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवतात. एकदा ॲटॅक येऊन गेलेला आहे, स्टेंट बसवलेला आहे, बायपास झालेली आहे किंवा रक्ताची गुठळी अडकून पक्षाघात झालेला आहे, अशा माणसाला पुन्हा तसं होऊ नये म्हणून दिलेलं ॲस्पिरिन, ही एक गोष्ट. काहीच झालेलं नाही आणि कधी होऊ नये म्हणून घेतलेलं ॲस्पिरिन, ही दुसरी. गोळी तीच असते, आपल्याकडे बहुधा ७५ मिलिग्रॅमची. पण फायद्या-तोट्याचा हिशेब सारखा नसतो.

तो का बदलतो, हे गोळीच्या कामातच दडलेलं आहे. रक्तात प्लेटलेट नावाचे बारीक कण असतात. रक्तवाहिनीला कुठे इजा झाली की ते एकमेकांना चिकटतात आणि भोक बुजवतात. ॲस्पिरिन त्यांची चिकटण्याची ताकद कमी करतं, आणि एकदा गोळी लागू झालेला प्लेटलेट त्याचं आठ-दहा दिवसांचं आयुष्य संपेपर्यंत पूर्ववत होत नाही. हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटून तिथे गुठळी धरू लागली, तर प्लेटलेट चिकटले नाहीत हे बरंच. पण पोटात व्रण असेल, मेंदूतली एखादी बारीक रक्तवाहिनी फुटली असेल, तर तेच प्लेटलेट चिकटायला हवे होते. शिवाय ॲस्पिरिन पोटाच्या आतल्या अस्तराचं संरक्षणही कमी करतं. फायदा आणि तोटा एकाच क्रियेतून येतात, म्हणून एक घेऊन दुसरा टाळता येत नाही. ज्याला गुठळीचा धोका मोठा, त्याच्या पदरात फायदा जास्त पडतो. ज्याला तो धोका लहान, त्याच्या पदरात फायदा थोडा पडतो, पण रक्तस्रावाचा धोका त्या प्रमाणात कमी होत नाही.

आता पहिल्या लेखातले ४४ टक्के बघू. हा आकडा अमेरिकेतल्या ‘फिजिशियन्स हेल्थ स्टडी’ या चाचणीतला आहे. तिच्यात ४० ते ८४ वयाचे २२,०७१ डॉक्टर होते, सगळे पुरुष. निम्म्यांनी एक दिवसाआड ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेतलं, निम्म्यांनी डमी गोळी. सरासरी पाच वर्षांनी मोजलं तेव्हा डमी गोळीच्या गटात २३९ जणांना हार्ट ॲटॅक आला होता आणि ॲस्पिरिनच्या गटात १३९ जणांना. प्रत्येक गटात अकरा हजारांवर माणसं होती. म्हणजे हजारी हिशेब केला तर गोळी न घेणाऱ्यांपैकी सुमारे २२ जणांना पाच वर्षांत ॲटॅक आला, गोळी घेणाऱ्यांपैकी १३ जणांना. २२चे १३ झाले, यालाच ४४ टक्के घट म्हणायचं. म्हणायला हरकत नाही, गणित बरोबर आहे. पण वाचणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं ते शंभरातली चव्वेचाळीस माणसं वाचल्याचं. प्रत्यक्षात पाच वर्षांत हजारातल्या नऊ जणांचा ॲटॅक टळला.

याच चाचणीतली आणखी एक नोंद पहिल्या लेखात नाही. हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी दोन्ही गटांत झालेले मृत्यू जवळजवळ सारखेच होते, ॲस्पिरिनच्या गटात ८१ आणि दुसऱ्या गटात ८३. शिवाय ॲटॅकमधली घट पन्नाशीच्या पुढच्यांतच दिसली होती, आणि बायका या चाचणीत नव्हत्याच. पुढे २००५ साली सुमारे चाळीस हजार स्त्रियांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष आले, त्यात दहा वर्षं एक दिवसाआड ॲस्पिरिन घेऊनही एकूण गटात हार्ट ॲटॅक कमी झाले नाहीत. पक्षाघात थोडे कमी झाले. ‘चाळिशीनंतर प्रत्येकाने’ हे वाक्य पन्नाशीपुढच्या पुरुष डॉक्टरांवरून काढलं होतं, हे भाचीला सांगायलाच हवं. त्या घरात चाळिशीपुढची तिची आईसुद्धा आहे.

दुसऱ्या लेखाकडे येताना मापदंड तोच ठेवायचा. इथे माझ्यासकट बहुतेकांचा हात ढिला पडतो, कारण एक लेख कच्चा निघाला की दुसरा आपोआप पक्का वाटू लागतो. त्यातले ३८ टक्के ‘ॲस्प्री’ या चाचणीतले आहेत. तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सत्तरीच्या पुढची, हृदयविकार नसलेली. त्यांनी रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन किंवा डमी गोळी घेतली आणि सुमारे पावणेपाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. मेंदूतला, पोटातला किंवा तशाच तोडीचा गंभीर रक्तस्राव डमी गोळीच्या गटात हजारी २८ जणांना झाला, ॲस्पिरिनच्या गटात हजारी ३८ जणांना. हीच ती ३८ टक्के वाढ. हजारात दहा जण जास्त. आणि बदल्यात मिळालं काय? हृदयविकार आणि पक्षाघात यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. अपंगत्वाशिवाय जगण्याची वर्षंही वाढली नाहीत, आणि या चाचणीत मुख्यतः तेच मोजायचं होतं.

आता दोन्ही आकडे एकाच मापात आले. एका चाचणीत हजारी नऊ ॲटॅक टळले, दुसरीत हजारी दहा रक्तस्राव वाढले. ‘४४ टक्के’ आणि ‘३८ टक्के’ असे समोरासमोर उभे केले की ते एकमेकांना खोटं पाडत आहेत असं वाटतं. हजारी मोजल्यावर कळतं की दोन्ही खरे आहेत, वेगळ्या माणसांबद्दलचे आहेत आणि वेगवेगळी गोष्ट मोजतात.

या दोन लेखांत एक जागा अशी आहे की जिथे ते खरोखर समोरासमोर येतात. दोघांनीही ‘ॲसेंड’ या ब्रिटनमधल्या चाचणीचा दाखला दिला आहे. हीही २०१८ सालची. तिच्यात मधुमेह असलेले पण हृदयविकार नसलेले १५,४८० जण होते आणि सरासरी सव्वासात वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांचा पाठपुरावा केला होता. पहिला लेख म्हणतो, ‘मधुमेहींमध्ये ॲस्पिरिनने हृदय व रक्तवाहिन्यांचे गंभीर विकार १२ टक्क्यांनी कमी झाले.’ दुसरा म्हणतो, ‘मधुमेहींमध्ये गंभीर रक्तस्राव २९ टक्क्यांनी वाढले.’ चाचणी एकच, अहवाल एकच, दोन्ही वाक्यं त्यात आहेत. एकाने पहिलं उचललं, एकाने दुसरं. पूर्ण हिशेब असा: गंभीर विकार ॲस्पिरिनच्या गटात ८.५ टक्के, डमीच्या गटात ९.६ टक्के, म्हणजे हजारी ११ कमी. गंभीर रक्तस्राव ४.१ टक्के आणि ३.२ टक्के, म्हणजे हजारी ९ जास्त. चाचणी करणाऱ्यांनी स्वतः निष्कर्ष काढला की फायदा बऱ्याच अंशी रक्तस्रावाने खाऊन टाकला.

दोन लेखांची तुलना करताना अशी समाईक जागा शोधावी, असं मी आग्रहाने सांगेन. दोघे वेगवेगळ्या चाचण्या दाखवत असतात तेव्हा कोणी काय वगळलं हे चटकन कळत नाही. दोघांनी एकच अहवाल वापरला असेल, तर तो अहवाल उघडून वाचला की दोघांचीही काटछाट उघडी पडते. अहवालाचा सारांश एका पानाचा असतो, बहुधा फुकट वाचायला मिळतो, आणि त्यात दोन्ही बाजूंचे आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात.

हजारी ११ आणि हजारी ९ यांची वजाबाकी करून ‘म्हणजे दोनाचा फायदा’ असं मात्र म्हणता येत नाही. पोटातून रक्तस्राव होऊन चार दिवस रुग्णालयात राहून बरा झालेला माणूस आणि पक्षाघाताने एक हात कायमचा गेलेला माणूस यांना सारखं एक धरून चालेल का? उलट मेंदूतला रक्तस्रावही याच नऊत असू शकतो. कोणाला पूर्वी अल्सर होऊन गेलाय, कोणी गुडघेदुखीसाठी वेदनाशामक गोळ्या रोज खातो, कोणाच्या घरात सगळेच पन्नाशीत हृदयविकाराने गेलेत. या तराजूत काय किती वजनाचं हे लेख ठरवू शकत नाही. ते त्या माणसाने आणि त्याच्या डॉक्टरने मिळून ठरवायचं असतं.

तरी एक प्रश्न उरतो. १९८९ साली दिसलेला फायदा २०१८ साली इतका फिका का पडला? जुनी चाचणी चुकीची होती असं कोणी म्हणत नाही. मधल्या तीस वर्षांत भोवतालची परिस्थिती बदलली. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या सर्रास आल्या, रक्तदाबावर चांगली औषधं आली, पुष्कळ ठिकाणी सिगारेट ओढणं कमी झालं. त्यामुळे निरोगी माणसाच्या वाट्याचा हार्ट ॲटॅकचा धोका मुळातच खाली आला आणि ॲस्पिरिनला कमी करायला फार काही उरलं नाही. शिवाय ॲस्प्रीतली माणसं वयाने बरीच मोठी होती, आणि वय वाढेल तसा रक्तस्रावाचा धोका चढतो. त्याच वेळी हेही लक्षात ठेवलं पाहिजे की या चाचण्या बहुतांशी पाश्चात्त्य देशांतल्या माणसांवर झाल्या. भारतीयांना हृदयविकार तुलनेने कमी वयात गाठतो. म्हणून त्यांचे आकडे आपल्याला जसेच्या तसे लागू होतील असं मी छातीठोकपणे लिहिणार नाही. फायदा-तोट्याची दिशा मात्र तीच राहील, कारण प्लेटलेट सगळीकडे सारखेच वागतात.

शेवटची तपासणी दुसऱ्या लेखाच्या शीर्षकाची, आणि दोन्ही लेखांतली सगळ्यात धोकादायक चूक तिथेच आहे. ‘साठीनंतर ॲस्पिरिन बंद करा’ याला आधार म्हणून अमेरिकेच्या प्रतिबंधक उपचारविषयक कार्यगटाची २०२२ सालची शिफारस दिली आहे. मूळ शिफारस काय आहे? हृदयविकार नसलेल्या, साठ किंवा त्याहून अधिक वयाच्या माणसांनी प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन सुरू करू नये. चाळीस ते एकोणसाठ वयात, ज्यांना दहा वर्षांत हृदयविकाराचा धोका दहा टक्के वा जास्त आहे आणि रक्तस्रावाची भीती फारशी नाही, त्यांनी डॉक्टरशी बोलून व्यक्तिशः ठरवावं. ‘सुरू करू नये’चं शीर्षकात ‘बंद करा’ झालं, आणि ‘हृदयविकार नसलेल्या’ हे शब्द गळाले. शीर्षक एवढंच वाचून एखादे सासष्ट वर्षांचे आजोबा, ज्यांना तीन महिन्यांपूर्वी स्टेंट बसवलाय, उद्या सकाळपासून गोळी थांबवतील. नवा स्टेंट म्हणजे धमनीतली धातूची जाळी. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणूनच ते ॲस्पिरिन चालू असतं. गोळी अचानक थांबवली तर जाळीवर गुठळी धरून ॲटॅक येऊ शकतो. पहिल्या लेखाच्या अतिशयोक्तीने काहींना कारण नसताना रक्तस्राव होईल. दुसऱ्याच्या शीर्षकाने ज्यांना गोळी हवी त्यांची सुटेल. दोन्ही चुका सारख्या नाहीत. दुसरी जास्त लवकर आणि जास्त वाईट घात करते.

म्हणजे निकाल द्यायचा झाला तर असा. ज्यांना हृदयविकार नाही अशा वयस्क माणसांनी रोज ॲस्पिरिन सुरू करावं का, या एका प्रश्नावर दोन लेख खरोखर एकमेकांविरुद्ध आहेत, आणि त्यावर दुसरा लेख बरोबर आहे. ॲटॅक येऊन गेलेल्यांना ॲस्पिरिनने फायदा होतो, हे पहिल्या लेखाचं म्हणणं बरोबर आहे आणि दुसऱ्याने ते खोडलेलं नाही. पहिल्याचं ‘प्रत्येकाने’ चूक, दुसऱ्याचं ‘बंद करा’ चूक.

भाचीला मात्र एवढं सगळं पाठवू नका. तिने विचारलं एकच, आणि तिच्या मनात बहुधा कोणीतरी एक माणूस आहे. म्हणून आधी एक प्रश्न विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही शक्यतांचं उत्तर त्याच निरोपात द्यायचं, कारण ती कदाचित रात्रभर पुन्हा फोन बघणार नाही. निरोप असा काहीसा होईल:

‘हे कोणासाठी विचारतेस, बाबांसाठी का? त्यांना आधी ॲटॅक, स्टेंट, बायपास किंवा पक्षाघात असं काही झालेलं असेल, तर दुसऱ्या लेखाचं ऐकून गोळी थांबवू नकोस. तो लेख त्यांच्यासाठी नाही. तसं काहीच झालेलं नसेल आणि वय साठीच्या पुढे असेल, तर पहिल्या लेखाचं ऐकून नव्याने सुरू करू नका. काही झालेलं नसतानाही आधीपासून घेत असतील, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना विचारा की अजून गरज आहे का. अल्सर झाला होता का आणि दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हेही डॉक्टरांना सांगा.’

या निरोपात एकही टक्केवारी नाही, आणि तिला लागतही नाही. आकडे तुमच्यासाठी होते, कोणत्या वाक्यावर विश्वास ठेवायचा ते ठरवायला. तिने पुढे विचारलं तर हजारी नऊ आणि हजारी दहा हे दोन आकडे सांगा, प्रत्येकाबरोबर ती कोणती माणसं होती तेही सांगा.

आणि हे प्रकरण वाचणाऱ्या कोणाला डॉक्टरांनी हृदयासाठी ॲस्पिरिन लिहून दिलं असेल, तर त्यांना कळकळीची विनंती: कोणत्याही लेखावरून, या प्रकरणावरूनही, ती गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी लिहून दिली त्यांनाच आधी विचारा.